गॅस संपला म्हणे!

डोंबिवलीच्या एका वाचकांनी विचारलंय: 'एसी चालतो, वारा येतो, पण खोली गार होत नाही. मेकॅनिक म्हणतो गॅस संपला. गेल्या एप्रिलमध्येच भरला होता. वर्षभरात संपतो का?'

नाही. दहा वर्षांतही संपत नाही. एसीतला गॅस जळत नाही, खर्चही होत नाही. घरातली उष्णता उचलायची, बाहेर टाकायची आणि रिकाम्या हाताने परत यायचं, एवढंच त्याचं काम. डबे पोचवून पोचवून डबेवाले संपले, असं कुणी ऐकलंय का? दीड टनाच्या स्प्लिटमध्ये जेमतेम किलोभर गॅस असतो आणि तोच बंद नळ्यांतून फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. ती न शोधता वरून गॅस भरणं म्हणजे पुढच्या एप्रिलचं बुकिंग.

पण गॅसवर संशय घ्यायच्या आधी एक साधा थर्मामीटर आणा. दारं-खिडक्या बंद करून एसी पंधरा मिनिटं चालवा. मग आतल्या युनिटच्या वरच्या जाळीपाशी, जिथून हवा आत जाते, तापमान बघा आणि पात्यांपाशी, जिथून ती बाहेर येते, पुन्हा बघा. फरक साधारण दहा अंशांचा हवा. दमट हवेत तो थोडा कमी पडतो.

वारा भरपूर आणि फरक शून्य? आधी रिमोट हातात घ्या. 'फॅन' मोडवर कॉम्प्रेसर चालतच नाही. हल्लीच्या 'कन्व्हर्टिबल' एसीत आणखी एक गंमत असते: कुणीतरी बटण दाबून क्षमता 40 टक्क्यांवर आणलेली असते आणि घरात कुणाला पत्ता नसतो.

हवा बर्फासारखी गार, पण येते फुंकर घातल्यासारखी? मग फिल्टर तुंबलाय. इथे फरक कमी नाही, उलट जास्तच दिसतो, कारण थोडी हवा कॉइलवर जास्त वेळ रेंगाळते. फार तुंबला तर कॉइलवर बर्फच चढतो. फिल्टर धुवा, बर्फ वितळेपर्यंत नुसता पंखा चालवा आणि मग पुन्हा मोजा.

सुरुवातीला गार, दहा-पंधरा मिनिटांनी कोमट, थोड्या वेळाने पुन्हा गार, असा खेळ चालत असेल तर दोष बहुधा बाहेर आहे. आऊटडोअरचा पंखा नुसता गुणगुणतोय, फिरत नाही. किंवा जाळीत कबुतरांची पिसं अडकलीत. उष्णता टाकायला वाव नाही म्हणून कॉम्प्रेसर तापतो आणि साध्या, बिगर-इन्व्हर्टर एसीत स्वतःच बंद पडतो. पंख्याचा कपॅसिटर गेला असेल तर तो स्वस्तात बदलता येतो, पण त्याला हात मेकॅनिकनेच लावावा; वीज बंद केल्यावरही त्यात भार राहतो. (आणि खिडकीतून वाकून आऊटडोअर तपासू नका, हे वेगळं सांगायला हवं का?)

माझी आवडती तपासणी मात्र पाण्याच्या नळीची. 1902 साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा आणि रंगीत छपाईत एक रंग दुसऱ्यावर नीट बसायचा नाही. पंचविशीतल्या विलिस कॅरिअरने हवा थंड कॉइलवरून खेळवून तिच्यातलं पाणी काढलं. आधुनिक एसीचा जन्म हा असा, माणसांसाठी नव्हे, कागदासाठी! तुमचा एसीही आधी तेच करतो. लिटरभर वाफेचं पाणी करायला सुमारे 0.68 युनिट उष्णता काढावी लागते; म्हणजे दीड टनाच्या एसीच्या तासाभराच्या ताकदीचा जवळजवळ आठवा हिस्सा. नळी धो धो वाहतेय आणि खोली गार नाही, तर यंत्र ठणठणीत आहे. कुठलंतरी दार उघडं राहून बाहेरचा दमटपणा आत येतोय. एप्रिलच्या डोंबिवलीत अर्ध्या तासाने थेंबही पडत नसेल आणि नळी तुंबलेली नसेल, तर कॉइल थंडच होत नाही.

आता गॅस. रिमोट ठीक, फिल्टर स्वच्छ, बाहेरचा पंखा फिरतोय, वारा जोरात आणि फरक तीन-चार अंशांचाच, असं असेल तर मेकॅनिकचं म्हणणं खरं असू शकतं. बाहेरच्या दोन नळ्यांपैकी बारीक नळीच्या जोडाजवळ हिम धरलेलं दिसलं तर संशय बळावतो. नळ्यांच्या नटाभोवती तेलकट डाग असेल तर गळती बहुधा तिथेच, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही झिरपतं. साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे येतात. मुंबईच्या किनाऱ्यालगतच्या घरांत खारी हवा कॉइललाच बारीक भोकं पाडते. ती अशी सापडत नाहीत, नायट्रोजन दाबाने भरून शोधावी लागतात.

गळती बुजवल्यावर पंपाने नळ्यांतली हवा नि ओल ओढून काढायला सांगा आणि आऊटडोअरच्या पट्टीवर लिहिलेला गॅस ग्रॅममध्ये, काट्यावर मोजून भरून घ्या. नुसत्या गेजवर भरवसा नको: इन्व्हर्टरचा कॉम्प्रेसर वेग बदलतो तसा काटाही हलतो.