फुंकणारं यंत्र की वाऱ्याची नळी

सकाळी ९:००. राजारामपुरीतली दुसऱ्या मजल्यावरची खोली. चिनी अनुवादाचं काम करणाऱ्या ताईंच्या टेबलावर कोल्हापुरी चपलेच्या निगेचं कार्ड आहे. चार वाक्यं. साबणाने धुऊ नका. भिजली तर सावलीत वाळवा. हेअर ड्रायर लावू नका. अधूनमधून तेलाचा हात फिरवा. माल शांघायला जाणार आणि हाँगकाँगलाही.

९:४०. शांघायचा मसुदा मँडरिनमध्ये, सोप्या केलेल्या लिपीत. तो झाला.

१०:३०. हाँगकाँगला दुपारचा एक. तिथे बोली कँटोनीज, लिपी जुनी पारंपरिक. संगणकाने लिपी क्षणात बदलली, शब्द मात्र तेच राहिले. साबण मँडरिनमध्ये ‘फेइत्साव’, कँटोनीजमध्ये ‘फानगान’. यातलं ‘फान’ म्हणजे परदेशातून आलेलं, आपल्या विलायती चिंचेतल्या ‘विलायती’सारखं. ड्रायर मँडरिनमध्ये ‘छुइफंगजी’, म्हणजे वारा फुंकणारं यंत्र. कँटोनीजमध्ये नुसतं ‘फुंगथुंग’, वाऱ्याची नळी. मँडरिन शब्द हाँगकाँगच्या माणसाला कळतो, पण आपल्या घरातला वाटत नाही. ताई दोन्ही शब्द बदलतात.

११:१५. मग सगळंच कँटोनीज बोलीत का नाही? कारण तिथेही छापील सूचना प्रमाण लेखी चिनीतच असतात. बोलीतला नकार ‘म्’ कार्डावर आला तर ते दोस्ताच्या मेसेजसारखं वाटेल. म्हणून वाक्यरचना प्रमाण ठेवायची आणि वस्तूंची नावं तिथली घ्यायची. मला हा तोल पटला.

दुपारी १२:००. ताई एका अक्षरावर बोट ठेवतात. सोप्या लिपीत ‘कोरडं’ आणि ‘करणं’ या दोन्हींना तीन रेघांचं एकच अक्षर. जुन्या लिपीत दोन्ही वेगळी. अक्षराला अक्षर लावत बदल झाला, की ‘सावलीत वाळवा’मध्ये ‘करणं’ घुसू शकतं. नुसत्या अर्थाने वाचलं तर चूक निसटते. म्हणून ते अक्षर जिथे जिथे आहे तिथे त्या एकेक करून पाहतात. आज बरोबर निघालं.

४:३०. चप्पल लाइन. व्यापारी काका विचारतात, “ताई, भाषा एकच न्हवं? मग दोनदा पैसं कशाचं?”

“काका, वाक्यांची रीत एक, पण घरातल्या वस्तूंची नावं दोन. तुम्ही ‘पादत्राणे’ म्हणून पाटी लावाल का दुकानावर?”

काका हसतात. पहिल्या मसुद्याचे ८००, दुसऱ्याचे ४००. रोख.

६:००. छपाई झाली. डब्यांत कार्ड भरणाऱ्या पोराला चिनी येत नाही. दोन्ही गठ्ठे त्याला सारखेच दिसतात. ताई हाँगकाँगच्या गठ्ठ्याला लाल रबर लावतात, शांघायच्या गठ्ठ्याला पिवळं.