औषध उलटलं, पुन्हा द्यायचं?

बदनापुरातल्या एखाद्या घरी दहा किलोच्या तापलेल्या बाळाला पॅरासिटामॉलचं 6 मिली सिरप (5 मिलीत 125 मिलिग्रॅमवालं) पाजलं आणि त्याने ओकून टाकलं, तर आधी घड्याळ पाहावं. हे औषध रक्तात उतरतं ते मुख्यतः आतड्यातून. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर बरंचसं बाहेर पडलेलं असू शकतं, म्हणून तोच डोस एकदाच पुन्हा द्यावा. त्यानंतर झाली तर पुढच्या ठरल्या वेळेपर्यंत थांबावं. ‘पण उलटीत गुलाबी रंग दिसतोय की!’ रंग दिसला म्हणून किती औषध आधीच मुरलं ते कळत नाही, आणि जादा डोस साठत गेले तर यकृताला इजा होते. दुसरा डोसही उलटला, तर तिसरा न देता बाळाला डॉक्टरांकडे न्यावं. फिटच्या किंवा हृदयाच्या औषधांना मात्र हा अर्ध्या तासाचा हिशोब लावू नये. तिथे पहिल्याच उलटीला डॉक्टरांना विचारावं.