साबुदाणा, वरई आणि मेनूकार्डावरची इंग्रजी ओळ

उपाहारगृहाच्या मेनूकार्डावरचा ‘उपवासाचे पदार्थ’ हा भाग मराठी गिऱ्हाइकाला समजावून सांगावा लागत नाही. साबुदाण्याची खिचडी, वरईचा भात, दाण्याची आमटी, राजगिऱ्याची पुरी, शिंगाड्याचा शिरा ही नावे वाचली की ताटात काय येणार हे त्याला कळते. पण मुंबई-पुण्यात आलेल्या परप्रांतीय किंवा परदेशी पाहुण्यासाठी, आणि लंडन किंवा न्यू जर्सीतल्या मराठी उपाहारगृहात येणाऱ्या इतरांसाठी, नावाखाली एक इंग्रजी ओळ लिहावी लागते. ती लिहिताना शब्दकोशातला पहिला शब्द उचलला की घोटाळा होतो. वाचणाऱ्याला तीन गोष्टी हव्या असतात: मूळ जिन्नस कशाचा आहे, पदार्थात आणखी काय पडले आहे आणि त्याला उपवासाचा पदार्थ का म्हणायचे.

साबुदाण्यासाठी मेनूकार्डांवर दोन इंग्रजी शब्द दिसतात: सागो आणि टॅपिओका. सागो हा मूळचा मलय भाषेतला शब्द. न्यू गिनी आणि पूर्व इंडोनेशियात सागो नावाचा ताडवर्गीय वृक्ष होतो. त्याच्या खोडातल्या गाभ्यापासून पिठूळ सत्त्व काढतात आणि त्याचे दाणे करतात. टॅपिओका हा शब्द दक्षिण अमेरिकेतला. तो कसावा या झुडपाच्या कंदातून काढलेल्या सत्त्वाला लावतात. भारतात मिळणारा साबुदाणा कसाव्याचा असतो आणि त्याचे मोठे केंद्र तामिळनाडूतील सेलम हे आहे. तिथे कंद सोलून, किसून पाण्यात धुतात. पांढरे पाणी टाक्यांमध्ये निवत ठेवले की सत्त्व तळाशी बसते. हे ओलसर सत्त्व हलवून-घोळवून त्याच्या गोळ्या करतात, चाळून एकसारख्या निवडतात, तापलेल्या पत्र्यावर शेकतात आणि उन्हात वाळवतात.

म्हणजे आपल्या साबुदाण्याला टॅपिओका म्हणणे अचूक आहे. तरीही पिशवीवर सागो छापलेले असते आणि त्यालाही आधार आहे. भारतातल्या अन्नमानकांनी सागो या नावाखाली ताडाच्या सत्त्वाचे आणि कसाव्याच्या सत्त्वाचे असे दोन्ही प्रकारचे दाणे धरले आहेत. मेनूकार्डावर मात्र ‘टॅपिओका पर्ल्स’ हाच शब्द बरा, कारण बबल टीमुळे तो तरुण पिढीला जगभर ठाऊक झाला आहे. त्या चहातले काळे टपोरे गोळेही याच सत्त्वाचे असतात.

पण एवढ्याने काम भागत नाही. इंग्रजी खाद्यपरंपरेत टॅपिओका म्हटले की दुधातली गोड, मऊ खीर डोळ्यांपुढे येते. ‘खिचडी’ या शब्दाचा इंग्रजी अर्थ पाहिला, तर तिथे डाळ-तांदळाचा मऊ भात लिहिलेला असतो. हे दोन शब्द शेजारी वाचणारा माणूस साबुदाण्याच्या खिचडीबद्दल नेमकी उलटी अपेक्षा धरतो. या खिचडीत डाळ नाही, तांदूळ नाही. ती गोड नाही आणि पातळही नाही. साबुदाणा धुऊन, जेमतेम बुडेल इतक्याच पाण्यात चार-पाच तास किंवा रात्रभर भिजवतात. तुपात जिरे-मिरची आणि बटाटा परतून त्यात भिजलेला साबुदाणा आणि भाजलेल्या शेंगदाण्यांचे कूट घालतात. दाणा पारदर्शक झाला, पण दुसऱ्याला चिकटला नाही, तर खिचडी जमली. तेव्हा खालच्या ओळीत ती खारी-तिखट, मोकळी आणि परतलेली असते हे आलेच पाहिजे. नाहीतर खीर किंवा मऊ भात मनात धरून बसलेला पाहुणा चांगल्या जमलेल्या खिचडीलाही बिघडलेली समजेल.

वरईची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. महाराष्ट्रात तिला वरई, वरी, वरीचे तांदूळ आणि भगर अशी नावे आहेत. गुजरातीत ती मोरैयो, तर हिंदी मुलखात समा. ‘वरीचे तांदूळ’ या बोलण्यातल्या नावावरून अनेक मेनूकार्डांवर ‘फास्टिंग राइस’ असे लिहिले जाते. ही उघड चूक आहे. वरई भात नव्हे. ते बारीक दाण्याचे भरडधान्य आहे आणि उपवासाला चालण्याचे कारणच हे की ते तांदूळ नाही.

काही मेनूकार्डांवर ‘बार्नयार्ड मिलेट’ असे नाव असते. समा किंवा मोरैयो म्हणून विकले जाणारे धान्य बहुतेक वेळा तेच असते, पण वरई हे नाव महाराष्ट्रात एकाच पिकाला बांधलेले नाही. सह्याद्रीच्या उतारांवर, नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी-त्र्यंबकसारख्या भागांत, नाचणीच्या जोडीने जी वरई पिकते तिला इंग्रजीत ‘लिटल मिलेट’ म्हणतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने या पिकाचा एक वाण दिला आणि त्याचे नाव ‘फुले एकादशी’ ठेवले. उपवासाशी वरईचे नाते पिकाच्या नावापर्यंत असे पोचले आहे. सोललेले, पॉलिश केलेले दाणे दिसायला इतके सारखे असतात की शिजल्यावर कोणत्या पिकाचे आहेत हे गिऱ्हाइकाला सांगता येणार नाही. म्हणून पिशवीवर पिकाचे नाव स्पष्ट असेल तर ते द्यावे, नसेल तर नुसते ‘मिलेट’ लिहावे. संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे भरडधान्य वर्ष म्हणून पाळल्यापासून हा शब्द बहुतेकांच्या कानावरून गेलेला आहे. अर्धवट माहितीवर नेमके नाव लिहिण्यापेक्षा खात्रीचे मोघम नाव बरे.

वरईबरोबर दाण्याची आमटी येते. तिथे ‘आमटी’चा नेहमीचा इंग्रजी अर्थ, म्हणजे डाळीचे पातळ कालवण, चालत नाही. या आमटीत डाळीचा कणही नसतो. भाजलेले शेंगदाणे पाण्यासह बारीक वाटून, त्यात मिरची, जिरे, आमसूल आणि गूळ घालून ती उकळतात.

शिंगाडा हा तळ्यात वाढणाऱ्या वेलीचे दोन शिंगांचे फळ आहे. भारतीय इंग्रजीत त्याला ‘वॉटर चेस्टनट’ म्हणतात. चिनी उपाहारगृहात याच नावाने मिळणारा कुरकुरीत पांढरा काप मात्र एका वेगळ्या, लव्हाळ्यासारख्या वनस्पतीच्या कंदाचा असतो. शिंगाड्यासाठी ‘वॉटर कॅलट्रॉप’ हे नाव नेमके आहे, पण ते फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून प्रचलित नाव ठेवून ‘पाण्यात होणाऱ्या फळाचे पीठ’ एवढी पुस्ती जोडावी. चेस्टनट वाचून सुकामेव्याची ॲलर्जी असलेला माणूस दचकतो, त्याचाही यामुळे उलगडा होतो. राजगिऱ्यात असा घोळ नाही. ‘ॲमरंथ’ हा शब्द बरोबर आहे आणि तो परदेशी दुकानांतही ओळखीचा आहे.

आतापर्यंत प्रश्न नावाचा होता. पुढचा प्रश्न प्रकृतीचा आहे. उपवासाच्या मराठी पदार्थांत शेंगदाणा जवळजवळ सर्वत्र असतो: खिचडीत कूट, वड्यात कूट, आमटीत दाणे, काकडीच्या कोशिंबिरीत कूट. मराठी माणसाला तो इतका गृहीत असतो की पदार्थाच्या नावातही येत नाही. पण शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी जिवावर बेतू शकते. ब्रिटनमध्ये ज्या 14 ॲलर्जीकारक जिनसांची माहिती गिऱ्हाइकाला द्यावीच लागते आणि अमेरिकेत ज्या 9 प्रमुख मानल्या जातात, त्या दोन्ही याद्यांत शेंगदाणा आहे. भारतातल्या नियमांच्या यादीतही तो आहे. तेव्हा उपवासाच्या भागात शेंगदाण्याचा उल्लेख प्रत्येक पदार्थाखाली वेगळा झाला पाहिजे. पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत तो पुरेसा नाही.

तुपाचेही तसेच. धान्य नाही, कांदा-लसूण नाही, मांस तर नाहीच, हे पाहून काही मेनूकार्डे या पदार्थांना सरसकट ‘व्हीगन’ म्हणतात. खिचडी तुपातली असेल, तर ते चूक आहे. ‘ग्लूटेन-फ्री’ हा दावा जिनसांपुरता खरा आहे, कारण साबुदाणा, वरई, राजगिरा, शिंगाडा यांपैकी कशातच ग्लूटेन नसते. पण साबुदाणा वडा समोशाच्या कढईत तळला, तर मैद्याचे कण त्या तेलात आलेले असतात. मग ग्लूटेन न चालणाऱ्याचे आणि उपवास करणाऱ्याचे, दोघांचेही नुकसान होते. वेगळी कढई असेल तरच हे शब्द लिहावेत.

राहिला ‘उपवास’. त्याचे इंग्रजी ‘फास्टिंग’ केले की वाचणारा गोंधळतो: उपाशी राहायचे, तर हे एवढे पदार्थ कसले? इथे प्रत्येक नावाखाली खुलासा नको. भागाच्या मथळ्याखाली एकच वाक्य पुरते: एकादशी, महाशिवरात्र, नवरात्र अशा दिवशी पुष्कळ मराठी घरांत तांदूळ, गहू, ज्वारी आणि डाळी वर्ज्य करतात, त्या दिवशी चालणाऱ्या कंद, बिया, फळे आणि दुधापासून हे पदार्थ केलेले आहेत. ‘पुष्कळ’ हा शब्द गाळू नये, कारण नियम घरोघरी वेगळे आहेत. काही घरांत एकादशीला वरई चालत नाही, काहींत कोथिंबीर किंवा जिरे वर्ज्य असते. म्हणून जिन्नस लिहिले की पाहुण्यांइतकाच उपवास करणाऱ्यालाही उपयोग होतो.

हे सगळे एका नोंदीत बसवून पाहता येते. वर मोठ्या अक्षरांत ‘साबुदाणा खिचडी’ हे नाव इंग्रजी लिपीत जसेच्या तसे ठेवायचे. खाली साध्या इंग्रजीत इतकेच सांगायचे: भिजवलेले टॅपिओका पर्ल्स, तुपात बटाटा, जिरे आणि हिरव्या मिरचीबरोबर परतलेले, भाजलेल्या शेंगदाण्यांचे कूट घातलेले, खारे-तिखट आणि मोकळे. शेवटी ठळक अक्षरांत: शेंगदाणा आणि दुधाचे पदार्थ आहेत. वरईच्या नोंदीत याच क्रमाने मऊ शिजवलेले मिलेट, सोबत शेंगदाण्याची आंबट-गोड आमटी, आणि शेंगदाण्याची तीच सूचना. दोन्ही नोंदी कार्डावर दोन-तीन ओळींत मावतात.

नाव मराठीच ठेवावे, कारण पदार्थ आवडला तर पाहुणा पुढच्या वेळी तो त्याच नावाने मागेल. खालची ओळ मात्र ज्याने स्वयंपाकघरात उभे राहून पदार्थ होताना पाहिला आहे त्यानेच लिहावी, आणि कूट किंवा तूप बदलले की त्याच दिवशी तीही बदलावी.