शंभर नग कमी, तोटा किती?

कोल्हापूरच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत पंपाचे सुटे भाग बनवणारा एक लहान कारखाना आहे, असं समजू. महिन्याला १,००० नग तयार करून विकायचे, असं त्याचं बजेट. एका नगाला दोन तास, म्हणजे एकूण २,००० तास. भाडं, सुपरवायझरचा पगार, यंत्रांचा घसारा असा स्थिर वरकड खर्च २,४०,००० रुपये धरला आहे. तो तासाला १२० रुपये आणि नगाला २४० रुपये पडतो. विक्रीची किंमत १,००० रुपये, प्रमाण खर्च ८५०, म्हणजे नगामागे नफा १५० रुपये आणि महिन्याचा नफा दीड लाख.

महिना संपला तेव्हा ९०० नग तयार झाले आणि सगळे विकले गेले. काम १,९५० तास चाललं. वरकड खर्च २,५०,००० झाला. भाव मात्र नगाला १,०२० रुपये मिळाला.

पुस्तकात ९०० नगांवर २४० रुपयांप्रमाणे २,१६,००० रुपयेच वरकड खर्च चढला, प्रत्यक्षात गेले अडीच लाख. एकूण फरक ३४,००० रुपये, प्रतिकूल. परीक्षेत बरेच जण इथे थांबतात, पण मालकाचा खरा प्रश्न इथून सुरू होतो: यात पैसे जास्त खर्च झाले किती, आणि काम कमी झालं म्हणून दिसणारा फरक किती?

पहिला भाग सोपा. बजेट २,४०,००० आणि खर्च २,५०,०००, म्हणजे दहा हजारांचा खर्चातला फरक. हे पैसे खरोखर खिशातून गेले. भाडं वाढलं की दुरुस्ती निघाली, ते बिलं पाहून कळेल.

उरलेले २४,००० म्हणजे उत्पादनाच्या प्रमाणातला फरक: न झालेले १०० नग गुणिले २४०. यातला एक रुपयाही जास्तीचा खर्च नाही. भाडं ठरल्याप्रमाणेच गेलं, ते वाटून घ्यायला नग कमी पडले, एवढंच. याचे आणखी दोन तुकडे होतात. ९०० नगांना प्रमाणाने १,८०० तास हवे होते, लागले १,९५०. हे दीडशे तास गुणिले १२०, म्हणजे १८,००० रुपये हा कार्यक्षमतेचा फरक. काम संथ झालं. बजेटमधले २,००० तास असताना १,९५०च वापरले, त्या पन्नास तासांचे ६,००० रुपये हा क्षमतेचा फरक. वीज गेली, ऑर्डर आली नाही किंवा यंत्र बंद पडलं, असं काही. पहिल्याचा जाब शॉपफ्लोअरवर विचारायचा, दुसऱ्याचा बहुधा इतरत्र.

कार्यक्षमता काढताना नेहमीची चूक म्हणजे बजेटच्या २,००० तासांशी तुलना करणं. तुलना प्रत्यक्ष ९०० नगांना लागायला हव्या होत्या त्या तासांशीच व्हायला हवी. नाहीतर कमी कामाचं वेगवान काम दिसतं: १,९५० तास २,००० पेक्षा कमीच, मग चिन्हच उलटं येतं.

आता विक्री. भाव वीस रुपये जास्त मिळाला, ९०० नगांवर १८,००० अनुकूल. शंभर नग कमी विकले गेले, १५० रुपये नफ्याने १५,००० प्रतिकूल. इथे एक गंमत आहे, आणि ती शिकवताना बहुतेक वेळा राहून जाते. त्याच शंभर नगांमुळे वरकड खर्चातही २४,००० प्रतिकूल आलेच आहेत. हे दुप्पट मोजणं नाही. नगामागे १५० रुपये नफा आणि २४० रुपये स्थिर खर्चाची भरपाई मिळून ३९० रुपये योगदान होतं. शंभर नग गेले म्हणजे ३९,००० गेले, ते दोन ठिकाणी विभागून दिसले. सीमांत परिव्यय पद्धतीत हेच ३९,००० विक्रीच्या एकाच रकान्यात येतात आणि स्थिर खर्चात फक्त दहा हजारांचा खर्च-फरक उरतो. माझ्या मते मालकाला हाच तक्ता दाखवावा. २४,००० रुपये ‘वरकड खर्चाचा तोटा’ म्हणून दाखवले तर तो उगाच खर्चकपातीला लागेल.

अर्थात हे शंभर नग दोन्हीकडे सारखे आहेत, कारण आपण बनवले तेवढे विकले असं धरलं. माल गोदामात पडला असता तर वरकड खर्चातला फरक उत्पादनावर आणि विक्रीतला फरक विक्रीवर गेला असता, आणि दोन्ही आकडे वेगळे निघाले असते.

गणिताचा ताळा असा: दीड लाखात १८,००० मिळवा, मग १५,०००, १०,००० आणि २४,००० वजा करा. येतात १,१९,०००. चल खर्च नगाला ६१० रुपयेच राहिला असेल, तर ९,१८,००० च्या विक्रीतून ५,४९,००० आणि २,५०,००० वजा करूनही हाच नफा येतो. दोन्ही उत्तरं जुळली नाहीत तर आधी चिन्हं तपासा.