तिन्ही फेज असूनही मोटर का तापते?

धानोऱ्यातल्या एखाद्या वर्कशॉपची कल्पना करू. चालू मोटरच्या टर्मिनलवर आपण फेजाफेजांतले व्होल्टेज मोजले: ४१०, ४१० आणि ३८०. सरासरी ४००, तिच्यापासून सर्वांत मोठा फरक २०. म्हणजे असमतोल ५ टक्के.

किरकोळ वाटतो ना? पण त्यातून उलट फिरणारे एक छोटे चुंबकीय क्षेत्र तयार होते. रोटरच्या दृष्टीने ते जवळजवळ दुप्पट वेगाने उलटे धावते. त्यामुळे प्रवाह वाढतो, वाइंडिंग तापते. ढोबळ नियम असा, की टक्क्यांचा वर्ग करून दुप्पट करायची. इथे तापमानवाढ सुमारे ५० टक्क्यांनी जास्त!

म्हणून रिवाइंडिंगआधी दोन फेजांवर लावलेले वेल्डिंग मशीन बंद करून पुन्हा मोजू. फरक गेला, तर दोष भारवाटपाचा. राहिला, तर सप्लायचा किंवा ढिल्या जोडणीचा.