ऑइल बदलून डीएसजीची थरथर जात नाही

सिग्नलला रांगेत गाडी हळूहळू सरकते आणि पहिल्याचा दुसरा गिअर पडताना सगळी गाडी थरथरते. सात गिअरची डीएसजी असलेल्या गाड्यांच्या मालकांना हा अनुभव नवा नाही. त्यावर गॅरेजपासून सोसायटीच्या पार्किंगपर्यंत एकच सल्ला ऐकू येतो: ‘गिअरबॉक्सचं ऑइल खराब झालंय, बदलून टाका.’ पैसे जातात, थरथर तिथेच राहते. म्हणून हा गैरसमज आधी मुळापासून पाहू.

गैरसमज: ऑइल जुनं झालं की क्लच थरथरतो.

वस्तुस्थिती: आपल्याकडे पोलो जीटी टीएसआयमधून आलेला आणि आज व्हर्टस-टायगुनच्या दीड लिटर इंजिनाला जोडलेला डीक्यू२०० हा गिअरबॉक्स ड्राय क्लचचा आहे. त्याचे दोन्ही क्लच गिअरच्या पेटीबाहेर, कोरड्या जागेत असतात. पेटीतलं पावणेदोन लिटरच्या आसपासचं ऑइल गिअर आणि बेअरिंगसाठी असतं. गिअर टाकणाऱ्या मेकाट्रॉनिकचं साधारण लिटरभर हायड्रॉलिक ऑइल वेगळं असतं. यातला थेंबही क्लचच्या लायनिंगला लागत नाही, लागूही नये. मग ते ऑइल बदलून लायनिंग सुधारणार कसं?

या समजुतीला बळ मिळालं ते बहुधा २०१३च्या मोहिमेमुळे. फोक्सवॅगनने तेव्हा जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्यांत सिंथेटिक ऑइल काढून मिनरल ऑइल भरलं. पण कंपनीने दिलेलं कारण होतं उष्ण-दमट हवेत आणि थांबत-चालत वाहतुकीत होणारा विजेचा बिघाड. क्लचच्या थरथरीवरचा तो इलाज नव्हता.

थरथर येते ती उष्णतेतून. १२०० किलोची गाडी उड्डाणपुलाच्या पाच टक्के चढावर ताशी तीन किलोमीटरने सरकते आहे असं धरा. पहिल्या गिअरमध्ये आयडलिंगवर क्लच पूर्ण जुळायला ताशी सहाच्या आसपास वेग हवा. तेवढा वेग येत नाही, म्हणून क्लच घासतच राहतो. हिशेब केला तर त्यात सुमारे ६०० वॉट उष्णता सतत तयार होते, म्हणजे क्लचच्या खोक्यात एक छोटी इस्त्री चालू ठेवल्यासारखं. तेल नसल्याने ही उष्णता लोखंडी प्लेट आणि हवेतूनच बाहेर पडते. लायनिंग तापून गुळगुळीत चकाकतं, त्याची पकड एकसारखी राहत नाही. ते क्षणात धरतं, क्षणात सुटतं, आणि तीच धरसोड सीटपर्यंत पोचते.

ऑइल दोषी असतं ते वेगळ्या प्रकारे. फोर्डच्या ड्राय क्लच पॉवरशिफ्टमध्ये इनपुट शाफ्टच्या सीलमधून ऑइल गळून क्लचवर आलं आणि गाड्या थरथरू लागल्या. फोर्डने ऑस्ट्रेलियात ग्राहकांना वारंवार सांगितलं की दोष तुमच्या चालवण्याचा आहे. तिथल्या फेडरल कोर्टाने २०१८मध्ये तक्रारींच्या या हाताळणीबद्दल कंपनीला एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. त्यामुळे ‘तुम्हीच नीट चालवत नाही’ हे उत्तर तपासणीशिवाय मान्य करू नका.

डीक्यू२५०सारख्या वेट क्लचमध्ये मात्र क्लच ऑइलमध्येच बुडालेले असतात. तिथे दर ६० हजार किलोमीटरला ऑइल-फिल्टर बदलणं गरजेचंच आहे. मेकॅनिकला पहिला प्रश्न हाच विचारा: माझा गिअरबॉक्स ड्राय की वेट?

गैरसमज: अ‍ॅडॅप्टेशन रिसेट केलं की काम झालं.

वस्तुस्थिती: क्लच नेमका कुठे धरू लागतो, हे सॉफ्टवेअर शिकत असतं. लायनिंग झिजलं की तो बिंदू सरकतो. क्लच बदलल्यावर किंवा तो बिंदू चुकीचा शिकला गेला असेल तर बेसिक सेटिंग आणि त्यानंतरची ठरावीक ड्राइव्ह उपयोगी पडते. पण चकाकलेलं लायनिंग सॉफ्टवेअरने खडबडीत होत नाही. म्हणूनच रिसेटनंतर काही दिवस गाडी बरी वाटते आणि पुन्हा थरथरते.

आणखी काही, थोडक्यात

थरथर म्हणजे मेकाट्रॉनिक गेलं? नाही. त्याच्या बिघाडात बहुधा इशारा दिवा लागतो, गिअर गायब होतात, स्कॅनरवर P17BFसारखा कोड येतो.

प्रत्येक सिग्नलला न्यूट्रल हवंच? नाही. ब्रेक पूर्ण दाबून गाडी थांबवली की क्लच सुटतो. अर्धवट ब्रेकवर सरकणं मात्र क्लचला घासत ठेवतं.

तपासायचं कसं? पहिला, तिसरा, पाचवा, सातवा गिअर एका क्लचवर असतात; दुसरा, चौथा, सहावा आणि रिव्हर्स दुसऱ्यावर. पहिल्यात गाडी सुरळीत निघते आणि दुसऱ्यात व रिव्हर्समध्ये थरथरते, तर संशय दुसऱ्या क्लचवर. सकाळी थंड असताना ठीक आणि तासभराच्या गर्दीनंतर वाईट, तर कारण उष्णता. हे पाहून झालं की स्कॅनरवर क्लचची झीज आणि तापमान वाचून घ्या, सीलची गळती बघायला सांगा. झीज मर्यादेबाहेर असेल तर दोन्ही क्लचचा पूर्ण सेट बदलावा लागतो. या नोंदी कागदावर मिळेपर्यंत ऑइलचं बिल भरू नका.