रिक्रूटरचा मेसेज आला? चार वाक्यांत उत्तर द्या

धंदा सुरू करायचाय, पण भांडवल जमेपर्यंत नोकरी करावी लागते. आपल्यापैकी बरेच जण याच टप्प्यावर आहेत. अशा वेळी लिंक्डइनवर रिक्रूटरने स्वतःहून मेसेज केला, तर उत्तर काय द्यायचं?

समजा, तुम्ही कळवणला कांदा व्यापाऱ्याकडे खरेदीचं काम बघता. मेसेज येतो : "दिंडोरीच्या प्रक्रिया प्रकल्पासाठी शेतमाल खरेदी अधिकारी हवा आहे. इच्छुक असाल तर कळवा."

बहुतेक जण लिहितात, "इंटरेस्टेड सर, सीव्ही जोडलाय." असाच मेसेज त्याला दहा जणांकडून येतो. त्यात तुम्ही वेगळे कसे दिसणार? त्यापेक्षा असं लिहा :

"नमस्कार सर, संपर्क केल्याबद्दल धन्यवाद. तीन हंगाम मी कळवण आणि अभोण्याच्या बाजारात व्यापाऱ्यासाठी कांदा खरेदी, प्रतवारी आणि रोजचा हिशेब बघतोय. हे काम दिंडोरीत बसून आहे की गावोगाव फिरून, आणि पगार साधारण किती ते किती आहे? उद्या-परवा संध्याकाळी 6 नंतर फोनवर बोलू शकतो."

यात खरं काम दुसरं वाक्य करतं. त्याने "शेतमाल खरेदी" म्हटलं, म्हणून तुमच्या सगळ्या कामांतून नेमकं तेवढंच उचललं. बाकीचं सीव्हीत आहेच. तिसऱ्या वाक्यातले प्रश्न तुमच्यासाठी आहेत : कळवणहून रोज ये-जा जमेल का आणि भांडवलाला किती उरेल, हे त्यावरूनच कळतं. शेवटी वेळ दिली, की त्याला फक्त "चालेल" म्हणायचं राहतं. त्याने इंग्रजीत लिहिलं असेल तर उत्तरही साध्या इंग्रजीत द्या.

स्वतःच्या धंद्याचा विषय पहिल्या मेसेजमध्ये नको. पण लपवूनही ठेवू नका. ऑफर आली की सही करण्याआधी विचारा, कारण नोकरीत असताना दुसरा व्यवसाय करायचा नाही, अशी अट बऱ्याच करारांत असते.

नोकरी नकोच असेल तर? तरीही दोन ओळी लिहा. ओळख नसलेल्याला मेसेज पाठवायला रिक्रूटर इनमेल वापरतो, आणि त्याचं एक क्रेडिट खर्च होतं. तुम्ही 90 दिवसांत उत्तर दिलं, नकार दिला तरी, ते त्याला परत मिळतं. "सध्या नको, पण खरेदीचं पार्टटाइम काम असेल तर सांगा," एवढं लिहिलंत तर पुढचा रस्ता उघडा राहतो.

एक सावधगिरी. कंपनीचं नाव न सांगता नोंदणी फी, ट्रेनिंगचे पैसे किंवा ओटीपी मागितला, तर तो रिक्रूटर नाही. तिथे उत्तर देऊ नका, प्रोफाइल रिपोर्ट करा.

आता इनबॉक्स उघडा. पडून असलेला एक मेसेज निवडा आणि त्यातला कोणता शब्द तुमच्या कामाशी जुळतो, ते आधी शोधा.